बहीण ६.१, भाऊ ६.४

दोन रिपोर्ट एकाच प्लास्टिकच्या पिशवीतून माझ्या टेबलावर आले. एक खानापूर तालुक्यात दिलेल्या बहिणीचा, दुसरा निपाणीच्या धाकट्या भावाचा. दोघांचीही एकच तपासणी झाली होती, सीईए. बहिणीचा आकडा ६.१, भावाचा ६.४. दोन्ही कागदांवर ‘५ पर्यंत नॉर्मल’ असं छापलेलं आणि दोन्ही आकड्यांपुढे वर जाणारा बाण.

भाऊ घामाघूम झाला होता. "डॉक्टर, आक्काला झालं तेच मलाबी झालंय. हे बघा की, माझं तर तिच्यापेक्षा जास्त हाय." बहीण मात्र शांत होती. तिचं आतड्याच्या कॅन्सरचं एकदा ऑपरेशन झालेलं, केमो झालेली, पाचपट-आठपट आकडेही बघून झालेले. तिच्या लेखी पाचाच्या वर एक म्हणजे काहीच नव्हतं.

काळजी खरं तर उलट दिशेला हवी होती. ती का, हे सांगण्यासाठीच हा लेख. (दोघांचे तपशील ओळख लागणार नाही इतके बदलले आहेत. आकड्यांची चाल मात्र तीच ठेवली आहे.)

सीईए म्हणजे कार्सिनोएम्ब्रिऑनिक अँटिजेन. नाव लांबलचक असलं तरी त्यात गोष्ट दडलेली आहे. १९६५ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत एक पदार्थ सापडला. तोच पदार्थ गर्भातल्या बाळाच्या आतड्यातही होता, पण मोठ्या माणसाच्या निरोगी आतड्यात त्यांना तो दिसला नाही. म्हणून नाव पडलं कॅन्सरचा आणि भ्रूणाचा अँटिजेन. रक्तात तो मोजता येऊ लागला तेव्हा आतड्याच्या कॅन्सरसाठी रक्ततपासणी सापडली असं सगळ्यांना वाटलं. पुढे जास्त बारकाईने मोजणारी साधनं आली आणि कळलं, की निरोगी आतडंही हा पदार्थ बनवतंच. फक्त तो सहसा रक्तात उतरत नाही.

का उतरत नाही? आतड्याच्या आतल्या अस्तरातली पेशी ही एका बाजूला दार असलेल्या खोलीसारखी असते. तिचं तोंड आतड्याच्या पोकळीकडे. सीईए त्याच तोंडावर बसतो, झिजतो आणि शौचावाटे निघून जातो. कॅन्सरच्या पेशींना आपलं तोंड कुठं, पाठ कुठं हे भान राहत नाही. त्या कशाही वाढतात, अस्तराखालच्या थरात घुसतात, आणि जो पदार्थ पोकळीत पडायचा तो पाझरून रक्तात जातो. म्हणजे सीईए हा कॅन्सरने नव्याने बनवलेला पदार्थ नव्हे. माल जुनाच, फक्त दार चुकलेला.

ही एक गोष्ट नीट कळली, की पुढचं निम्मं आपोआप उलगडतं. दार चुकवणाऱ्या गोष्टी कॅन्सरशिवायही आहेत. आतड्याला बरेच दिवस सूज असेल तर आकडा थोडा वाढतो. हा पदार्थ रक्तातून काढून टाकायचं काम यकृताचं, त्यामुळे दारूने किंवा काविळीने यकृत थकलेलं असेल तरी वाढतो. आणि सगळ्यात साधं कारण म्हणजे धूर. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात सीईए मुळातच जास्त असतो. म्हणून पुष्कळ लॅबच्या कागदावर दोन मर्यादा असतात: न ओढणाऱ्यांसाठी साधारण ३ आणि ओढणाऱ्यांसाठी ५. काही कागदांवर एकच छापतात, आणि तिथं घोळ होतो.

आमचा भाऊ तंबाखूच्या वखारीत कामाला. निपाणीत हे सांगण्यासारखंही नाही. दिवसाला दोन बंडल विड्या, पंचवीस वर्षं. त्याचा ६.४ आला यात मला फारसं नवल वाटलं नाही.

बरं, ही मोजणी आहे तरी किती बारीक? सीईए नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये मोजतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. एखाद्याचा आकडा ५ असेल, तर त्याच्या अंगातल्या सगळ्या रक्तद्रवात मिळून जितका सीईए फिरत असतो, त्याचं वजन मिठाच्या एका बारीक कणापेक्षाही कमी भरेल. इतक्या बारीक मापात थोडं इकडंतिकडं व्हायचंच. तेच रक्त त्याच मशीनवर दुसऱ्यांदा लावलं तरी आकडा जरासा हलतो, आणि त्याच माणसाचं रक्त पंधरा दिवसांनी घेतलं तर अजून थोडा.

आता भावाने ही तपासणी केलीच कशी, ते ऐका. आक्काचं कळल्यावर घरात सगळेच घाबरले. कुणीतरी सांगितलं, की अमुक ठिकाणी ‘फुल बॉडी’ पॅकेज आहे, त्यात कॅन्सरचीही तपासणी होते. हा गेला, रक्त देऊन आला. नाव घेत नाही, पण अशी पॅकेजं विकणाऱ्यांवर माझा राग आहे.

राग का, ते हिशेबानेच सांगतो. आकडे समजण्यापुरते धरलेत. पन्नाशीपुढची, काहीही तक्रार नसलेली हजार माणसं घ्या. धरून चालू, की त्यांतल्या दोघांच्या आतड्यात कॅन्सर आहे आणि त्यांना ते माहीत नाही. लहान, सुरुवातीच्या गाठीत सीईए बऱ्याचदा नॉर्मलच असतो, कारण गाठ अजून अस्तराजवळच आहे, रक्तात फारसं पाझरत नाही. म्हणून दोघांपैकी एकच सापडतो असं धरू, आणि तेही उदार मनाने. उरलेल्या ९९८ जणांपैकी विडीवाले, यकृत बिघडलेले, आतड्याला सूज असलेले असे पन्नास जणांचे आकडे वर येतील. म्हणजे एक्कावन्न घरांत रडारड, त्यांतलं एकच घर खरं. शिवाय तो दुसरा, ज्याला खरंच कॅन्सर आहे, तो नॉर्मल रिपोर्ट खिशात घालून निश्चिंत घरी जातो. मला त्या पन्नासांपेक्षा या एकाची जास्त काळजी वाटते.

एमबीबीएसच्या पॅथॉलॉजीत हा प्रश्न ठरलेला आहे: सीईएचा मुख्य उपयोग कशासाठी? चार पर्याय असतात, स्क्रीनिंग, निदान, गाठ कुठली आहे ते ओळखणं, आणि उपचारानंतर लक्ष ठेवणं. मुलं बरोबर चौथा टिक करतात. तोंडी परीक्षेत मी विचारतो, "का?" तेव्हा शांतता पसरते. मग मी हाच हजार माणसांचा हिशेब घालतो.

एखादा हुशार मुलगा उलट विचारतो, "पण सर, सीईएसारखे कॅन्सरचे मार्कर निदानाला अजिबात वापरतच नाहीत का?" वापरतात. पुरुषांच्या वृषणाच्या गाठीत एएफपी आणि बीटा-एचसीजी हे दोन मार्कर निदानातही मोलाचे आहेत. यकृताचा सिऱ्हॉसिस झालेल्यांवर कॅन्सरसाठी नजर ठेवताना सोनोग्राफीच्या जोडीला एएफपी बघतात. पण ते अपवाद. बाईच्या पोटात पाणी झालं, सीए-१२५ हा मार्कर शेकड्यांत आला, म्हणून अंडाशयाचा कॅन्सरच असं धरून बसावं, तर आपल्याकडे पोटाचा टीबीही नेमकं हेच चित्र दाखवतो. कॅन्सर आहे की नाही हे शेवटी गाठीचा तुकडा काढून, काचपट्टीवर घेऊन, मायक्रोस्कोपखालीच ठरतं.

आक्काचंही तसंच ठरलं होतं. चोपन्नाव्या वर्षी तिला शौचातून रक्त जायला लागलं. आठ महिने मूळव्याध म्हणून पुड्या खाल्ल्या. भाताच्या लावणीत उभं राहवेना म्हणून रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.८. मग बेळगावात दुर्बीण आतून घातली, डावीकडच्या आतड्यात गाठ दिसली, तुकडा माझ्याकडे आला. कॅन्सर होता. तेव्हा, म्हणजे निदान झाल्यावर, ऑपरेशनच्या आधी, तिचा पहिला सीईए केला: ४२.

हा पहिला आकडा निदानासाठी नव्हता, निदान झालेलं होतं. तो घेतला, कारण त्यातून कळलं की हिची गाठ सीईए रक्तात सोडणारी आहे. प्रत्येक गाठ सोडत नाही. पहिलाच आकडा २ असता, तर पुढे या तपासणीच्या भरवशावर राहण्यात फारसा अर्थ उरला नसता. ज्याच्या घराच्या चुलीतून धूर निघतच नाही, त्याच्या घरी स्वयंपाक चाललाय की नाही हे धुरावरून कसं कळणार? ऑपरेशनच्या गडबडीत हा आधीचा आकडा घ्यायचा राहून गेलेले रुग्ण मी कित्येक बघितलेत. नंतर तो कुठूनही आणता येत नाही.

ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी घरच्यांनी स्वतःच्या मनाने बाहेरून रक्त तपासून आणलं, आकडा १९. मुलगा रात्री साडेनऊला फोनवर: "सर, गाठ काढली म्हणाले, मग एकोणीस कसं?" गाठ गेली तरी आधी रक्तात उतरलेला सीईए एका दिवसात नाहीसा होत नाही. यकृत तो हळूहळू काढतं. साधारण आठवड्याला निम्मा होतो असं धरा. ४२ चे २१, मग साडेदहा, मग पाच, मग अडीच. आठव्या दिवशी १९ म्हणजे अगदी वेळापत्रकाप्रमाणे. म्हणून ऑपरेशननंतरची पहिली तपासणी चार ते सहा आठवडे थांबून करायची. आक्काचा सहाव्या आठवड्याचा आकडा आला २.३. तो उतरला नसता, पाच-सहावरच अडकला असता, तर मात्र कुठंतरी काही मागे राहिलंय अशी शंका घ्यावी लागली असती.

मग केमो. त्यातही एक हिसका बसला. दुसऱ्या डोसनंतर आकडा ३.९ झाला आणि पुढे आपोआप खाली आला. केमोच्या सुरुवातीच्या आठवड्यांत असं होऊ शकतं. मरणाऱ्या पेशी आपल्यातला माल रक्तात सांडतात, शिवाय ऑक्सालिप्लॅटिनसारखं औषध यकृतालाही थोडा त्रास देतं. म्हणून पहिल्या महिना-दीड महिन्यातल्या वाढीवरून औषध फसलं असं ठरवायचं नसतं.

त्यानंतर पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, असा हा रतीब असतो. आक्काचे आकडे ओळीने असे: २.३, २.१, २.६, २.२, ३.४, आणि आता ६.१.

ही ओळ एकदा पुन्हा वाचा. २.१ वरून २.६ झालं तेव्हा तिला झोप नव्हती, पण तो नुसता मशीनचा आणि शरीराचा चढउतार होता. २.२ वरून ३.४ झालं तेव्हा कागदावर बाण नव्हता, ५ च्या आत होतं, सगळे खूश. माझ्या नजरेला मात्र तो ३.४ खुपला. तिचा स्वतःचा नेहमीचा आकडा दोन-सव्वादोन. तो दीडपट झाला होता. छापलेली मर्यादा ही हजारो अनोळखी माणसांवरून काढलेली असते. ज्याची मालिका आपल्या हातात आहे त्याची मर्यादा त्याच्या मालिकेतच शोधायची. आणि आता ६.१, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ तिप्पट, सलग दोनदा चढ. त्या टेबलावर बसून ६.४ पेक्षा हा ६.१ मला कितीतरी जड वाटला तो यामुळे.

तरीही एका आकड्यावरून धावाधाव करायची नाही. आधी विचारलं, रक्त कुठं दिलं होतं? आपल्या भागात हा प्रश्न पहिला विचारावा लागतो. खानापूरचा माणूस बेळगावला दाखवतो, निपाणीचा कोल्हापूर-मिरजेला, कुणाची मुलगी गोव्यात असते म्हणून तिकडे, कुणी हुबळीला. प्रत्येक ठिकाणची मशीन वेगळ्या कंपनीची, तिच्यातली अँटिबॉडी वेगळी. तेच रक्त दोन मशीनवर लावलं तर एकीवर ३ आणि दुसरीवर ४ येऊ शकतं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. असे आकडे एका ओळीत मांडले की नसलेली चढण दिसते, किंवा असलेली लपते. एका पेशंटचा ‘वाढलेला’ सीईए मी नुसती लॅबची नावं बघून खाली आणलाय! आक्काचा पाचवा आकडा बेळगावचा होता, सहावाही तिथलाच. ती वाट बंद झाली.

चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत रक्त दिलं. ८.७. आता शंकेला जागा नव्हती. सीटी स्कॅनमध्ये यकृताच्या उजव्या भागात अडीच सेंटिमीटरची एकच गाठ दिसली. आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं, त्यामुळे हा कॅन्सर पसरायला लागला की पहिला मुक्काम बऱ्याचदा तिथंच पडतो, आणि तिथली वाढ सीईए बऱ्यापैकी लवकर दाखवतो. गाठ एकच होती, काढण्याजोगी होती. यकृताचा तेवढा भाग काढला. दीड महिन्याने आकडा २.०.

आता या तपासणीची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही पॅकेज विकणाऱ्यांसारखाच व्हायचो. पहिल्या ऑपरेशनच्या जागी परत उगवलेली गाठ, फुप्फुसातली, पोटाच्या पडद्यावर पसरलेली, यांत सीईए बरेचदा गप्प राहतो. म्हणून आकडा चांगला आला तरी ठरलेला सीटी आणि ठरलेली दुर्बीण चुकवायची नसते. दुसरं, ब्रिटनमध्ये १२०२ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापून आला. काहींवर नुसती जुजबी नजर, काहींचा नियमित सीईए, काहींचा नियमित सीटी, काहींचं दोन्ही. परतलेला कॅन्सर बरं करण्याच्या हेतूने ऑपरेशन करता येईल अशा वेळी सापडण्याचं प्रमाण जुजबी गटात दोन टक्क्यांच्या आसपास होतं, सीईए किंवा सीटीवाल्या गटांत सहा-सात-आठ. फरक खरा होता. पण एकूण मृत्यूंमध्ये तेवढा फरक दिसला नाही, आणि दोन्ही तपासण्या एकत्र करून जास्तीचं काही हाती लागलं नाही. म्हणजे आक्कासारखी थोडीच माणसं असतात, ज्यांची गाठ एकटी, वेळेत आणि काढण्याजोग्या जागी सापडते. ती सापडावीत म्हणून बाकीच्यांनाही रक्त द्यावं लागतं.

भावाचं काय झालं ते राहिलंच. त्याचा ६.४ मी बाजूला ठेवला, पण त्याला तसाच घरी पाठवला नाही. सख्ख्या बहिणीला साठीच्या आत आतड्याचा कॅन्सर झालाय, म्हणजे त्याची दुर्बीण तपासणी चाळिशीतच व्हायला हवी होती, मग सीईए ०.५ असो की ६.४. त्याला हे काही पटेना. "रक्तात दिसतंय तर आतनं नळी कशाला?" आक्कानेच दटावलं तेव्हा तयार झाला. दुर्बिणीत आठ मिलिमीटरचा एक पॉलिप सापडला, तिथल्या तिथं तारेच्या फाशाने काढला. माझ्याकडे आला, अ‍ॅडिनोमा होता. कॅन्सर नाही, पण वर्षानुवर्षं राहिला असता तर होऊ शकला असता.

दोन महिन्यांनी त्याने मला न विचारता पुन्हा सीईए केला. ६.२. पॉलिप गेला, आकडा जागच्या जागी. म्हणजे तो आकडा पॉलिपचा कधीच नव्हता. जे सापडायला हवं होतं ते त्या तपासणीला दिसलं नाही, आणि तिने जे दाखवलं तो विड्यांचा धूर होता. वखारीतली नोकरी सुटत नाही, पण विड्या आता अर्ध्या बंडलावर आल्यात असं तो सांगतो. आक्का म्हणते, दीडवर.

आक्काने आता शाळेच्या वहीत रकाने आखलेत: तारीख, लॅब, आकडा. परवा तिने विचारलं, लेकीकडे मडगावला जाणार आहे, तिकडंच रक्त देऊ काय? मी म्हटलं, जाऊन या, परत आल्यावर बेळगावातच द्या, आठ दिवसांनी काही बिघडत नाही. भाऊ शेजारी उभा होता. म्हणाला, "मग माझंबी तेव्हाच करून टाकू काय?"

"कशाला?" आक्का म्हणाली.